मुलाचं चित्र कुठल्या टप्प्यावर आहे, हे कसं ओळखावं?

तिसरीच्या वर्गाला 'लग्नातली पंगत' काढायला सांगा. एखाद्या मुलीच्या कागदावर मधोमध पत्रावळींच्या दोन रांगा असतील. वरच्या रांगेतली माणसं सरळ आणि खालच्या रांगेतली चक्क डोक्यावर उभी. नव्या शिक्षकाचा हात लगेच खोडरबराकडे जातो. जरा थांबा. दोन्ही रांगांतली माणसं समोरासमोर बसतात हे तिला माहीत आहे आणि तेच तिनं काढलंय. कुठून काय दिसतं, हा प्रश्न अजून तिला पडलेला नाही.

तेव्हा काहीही शिकवण्याआधी प्रत्येक मुलाचं एक चित्र घ्या. साधा कागद, पेन्सिल, वीस मिनिटं, फळ्यावर काहीही काढलेलं नाही. विषय घरचा द्या, नाहीतर दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि झोपडी हेच चित्र चाळीस वेळा हातात पडेल. ते पाठ केलेलं असतं, त्यावरून टप्पा कळत नाही. कागदाच्या मागे तारीख, मुलाचं वय आणि चित्राबद्दल ते जे बोललं ते लिहून ठेवा.

कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली मांडलेले मुलांच्या चित्रांचे टप्पे आजही कामाला येतात. त्यातली वयं मात्र ढोबळ धरा. एकाच वर्गात दोन-तीन टप्पे सहज सापडतात.

दोन ते चार वर्षांचं मूल रेघोट्या मारतं. आधी हात खांद्यापासून फिरतो आणि रेघ कागदाबाहेर जाते. मग हातावर ताबा येतो, गोल बंद होऊ लागतात आणि एक दिवस मूल आपणहून म्हणतं, "ही गाडी." त्याआधी "हे काय काढलंस?" असं विचारू नका, कारण तोवर ते काहीच 'काढत' नसतं. मोठा कागद आणि जाड खडू दिले की झालं.

त्यानंतर येतो गोलाला थेट पाय फुटलेला माणूस. पोट राहिलं म्हणून ते काढून दाखवू नका. "याचं पोट कुठंय?" एवढंच विचारा. कुणी गोलाच्या आत बोट ठेवतं, कुणी दोन पायांच्या मधे. म्हणजे पोट विसरलेलं नसतं, त्याला वेगळा आकार मिळालेला नसतो.

साधारण सातव्या वर्षापासून ठरावीक साचे दिसतात: खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी, भिंतीआरपार दिसणारा स्वयंपाकघरातला गॅस, घराएवढी आई. पंगतही याच टप्प्यातली. इथून मूल पुढे सरकतंय का, हे बघायला मी कपाची चाचणी करतो. कान असलेला कप मुलासमोर असा ठेवा की कान मागे लपेल आणि पुढच्या बाजूचं फूल दिसेल. आधी कप हातात देऊ नका. "इथून दिसतो तसा काढ," एवढंच सांगा. फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी 1972 मध्ये असाच प्रयोग केला होता. लहान मुलं न दिसणारा कान काढतात आणि दिसणारं फूल बहुधा गाळतात. आठाच्या आसपास हे उलटू लागतं. वर्गात एकच कप मधे ठेवलात तर बाजूला बसलेल्यांना कान दिसेल आणि चाचणी फुकट जाईल, म्हणून एकेकाला बोलवा.

कान काढणाऱ्या मुलाला वस्तुचित्राचे नियम सांगून उपयोग नाही. त्याला कप फिरवून दाखवा: "आता कान कुठे गेला?" पंगतीच्या मुलीला खाली बसवून समोरच्या मैत्रिणीकडे बघायला सांगा. मैत्रिणीचं काय दिसतं आणि ताटामागे काय लपतं? तिचं पुढचं चित्र तरीही उलटंच आलं तर येऊ दे, पुन्हा टोकू नका.

खरी नाजूक वेळ नऊ-दहाव्या वर्षी येते. रबर झिजतो, कागदावर हात आडवा धरला जातो, "सर, मला येत नाही" सुरू होतं. मुलाला आता दिसतं तसं हवं असतं आणि हात तिथवर पोचलेला नसतो. "छान आहे" या शब्दांवर त्याचा विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याला युक्ती हवी असते. तांब्यापुढे वाटी ठेवा, वाटीमागे गेलेली तांब्याची कड काढायचीच नाही, हे एका तासात जमतं. लांबची वस्तू लहान आणि कागदावर वर, हे पुढच्या तासाला. एका बिंदूत मिळणाऱ्या रेघांचं यथार्थदर्शन सहावी-सातवीपर्यंत राहू द्या. आधी दिलं तर मुलं पट्टीनं रेघा मारतात आणि समोर बघायचं सोडतात.

कपाची चाचणी जूनमध्ये घेतलीत तर फेब्रुवारीत तोच कप, तसाच ठेवून पुन्हा घ्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.