दगड टाकून विहिरीची खोली मोजताना या चुका टाळा : उत्तर नेहमी जास्तच का येतं?

हातातला दगड सोडला, स्टॉपवॉच सुरू केलं, ‘डुबुक’ ऐकू आल्यावर थांबवलं. वेळ आली २.५४ सेकंद. शाळेत शिकलेलं सूत्र लावलं:

खोली = ४.९ × वेळ × वेळ

उत्तर आलं ३१.६ मीटर. मग त्याच ठिकाणावरून वजन बांधलेला दोर सोडून पाहिलं, तर पाणी २५ मीटरवर लागलं. साडेसहा मीटरचा फरक! सूत्र बरोबर आहे, गुणाकारही बरोबर आहे. तरीही सगळं नीट करणाऱ्या माणसाला असंच उत्तर येतं, कारण या मोजणीतल्या मोठ्या चुका एकाच बाजूला झुकतात. त्या सगळ्या विहीर आहे त्याहून खोल दाखवतात. म्हणून दहा वेळा दगड टाकून सरासरी काढली तरी त्या जात नाहीत. सरासरीने फक्त इकडेतिकडे उडणारा भाग आटोक्यात येतो, एकाच दिशेने ओढणारा भाग तसाच राहतो.

बोटाचा उशीर : सगळ्यात मोठी चूक

बहुतेकांना वाटतं, गडबड होते ती आवाजाच्या वेगामुळे. तिचाही वाटा आहे, पण मोठा वाटा आपल्या बोटाचा असतो. दगड आपण स्वतःच सोडतो, त्यामुळे तो क्षण आपल्याला आधीपासून माहीत असतो आणि घड्याळ जवळपास अचूक वेळी सुरू होतं. थांबवताना मात्र आवाज कानावर पडतो, मेंदूला कळतो आणि मग बोट हलतं. यात साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद जातात.

एवढ्याशा वेळेने काय होणार, असं वाटेल. पण २५ मीटर खाली पोहोचेपर्यंत दगडाचा वेग सेकंदाला २२ मीटर झालेला असतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात सेकंदाचा दहावा भाग चुकला की खोलीत दोन मीटरची चूक होते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खोलीतली चूक म्हणजे वेळेतली चूक गुणिले दगडाचा शेवटचा वेग. विहीर जितकी खोल, तितका प्रत्येक शतांश सेकंद महाग पडतो.

आता उपाय. स्वतःचा उशीर आधी मोजून ठेवा. टेपने मोजलेल्या उंचीवरून, समजा ९ मीटरच्या गच्चीवरून, खालच्या टणक जमिनीवर दगड सोडा. खाली कोणी नाही याची आधी खात्री करा. पडायला १.३६ सेकंद आणि आवाज वर यायला ०.०३ सेकंद धरले, तर घड्याळात १.३८ च्या आसपास यायला हवं. तुमच्या घड्याळात १.५६ येत असेल, तर तुमचा उशीर ०.१८ सेकंद. मात्र दगड सोडल्यावर त्याच्याकडे बघू नका. पडताना दिसला की बोट डोळ्यांचं ऐकतं, कानाचं नाही, आणि मग हा आकडा विहिरीवर लागू पडत नाही.

विहिरीवरही हीच सावधगिरी हवी. पाणी दिसत असेल आणि शिंतोडे उडताना पाहून तुम्ही बटण दाबत असाल, तर आवाजाची दुरुस्ती करायचीच नाही. प्रकाशाला वर यायला वेळ लागत नाही. डोळ्याने थांबवायचं की कानाने, हे आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

आणखी एक बारीक खोड आहे. एकाच विहिरीत लागोपाठ दगड टाकत गेलात, तर चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत मेंदूला ताल सापडतो आणि बोट आवाजाची वाट न बघता अंदाजाने दाबलं जातं. ओळखण्याची खूण सोपी आहे: आकडे क्रमाने कमी होत जातात, २.५५, २.५२, २.४६, २.४१ असे. असं दिसलं की शेवटचे आकडे सरासरीत धरू नका. थोडा वेळ थांबा किंवा घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. दुसऱ्याने दगड सुटताना पाहून घड्याळ सुरू केलं आणि आवाज ऐकून थांबवलं, तर त्याचा उशीर दोन्ही टोकांना होतो आणि बराचसा एकमेकांत वजा होतो. म्हणूनच ‘एकाने सोडायचा, दुसऱ्याने मोजायचा’ ही जुनी पद्धत चांगली आहे. पण तेव्हा उशीर वेगळा वजा करू नका, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होईल.

बोटाचा प्रश्न मुळातच काढून टाकायचा असेल, तर फोनवर व्हिडिओ घ्या. फोन कठड्याच्या बाहेर न धरता असा ठेवा, की दगड धरलेला हात चित्रात येईल. नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत बोटं सुटल्याचा क्षण शोधा आणि आवाजाच्या आलेखात पाण्याचा पहिला उंचवटा शोधा. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंद, म्हणजे २५ मीटरच्या विहिरीत अर्ध्या-पाऊण मीटरची चूक. स्टॉपवॉचपेक्षा हे केव्हाही बरं.

आवाज वर यायला लागणारा वेळ

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तापमानाने हा आकडा थोडा बदलतो, पण या कामापुरता त्याचा विचार सोडून द्या. दहा अंशांच्या फरकाने इथे काही सेंटीमीटरच इकडचे तिकडे होतात.

चूक होते ती दुरुस्ती एकदाच करण्यात. आधी आलेल्या, म्हणजे फुगलेल्या खोलीवरून आवाजाचा वेळ काढला, तर तोही फुगलेलाच येतो आणि खोली गरजेपेक्षा जास्त कापली जाते. हिशेब दोनदा करावा. वरच्याच आकड्यांवर करून बघू.

२.५४ मधून बोटाचे ०.१८ वजा केले, उरले २.३६ सेकंद. त्यावरून खोली येते २७.३ मीटर. आवाजाला तेवढं अंतर यायला २७.३ ÷ ३४५, म्हणजे ०.०७९ सेकंद लागतील. ते २.३६ मधून काढले, राहिले २.२८१, आणि खोली आली २५.५. आता या नव्या खोलीवरून आवाजाचा वेळ पुन्हा काढा: ०.०७४. तो परत मूळ २.३६ मधूनच वजा करायचा, २.२८१ मधून नाही. इथे बरेच जण घसरतात. उरले २.२८६ सेकंद आणि खोली २५.६ मीटर. तिसऱ्यांदा केलं तरी आकडा फारसा हलत नाही.

साडेसहा मीटरपैकी चार मीटरहून जास्त फरक बोटाचा होता आणि पावणेदोन मीटरच्या आसपास आवाजाचा. आवाजाची दुरुस्ती पुस्तकात असते म्हणून सगळे करतात आणि बोटाला मोकळं सोडतात.

दगड कसला आणि कसा सोडला

उरलेला पाऊण मीटर हवेचा. सूत्रात हवेचा अडथळा धरलेलाच नाही. पाच सेंटीमीटर व्यासाच्या गोलसर दगडाला २५ मीटर पडताना हवा इतकी अडवते, की उत्तर सुमारे ०.७ मीटर जास्त येतं. ते २५.६ मधून काढलं की २४.९ मीटर मिळतात आणि दोराच्या मापाशी हिशेब जुळतो. पण एक सेंटीमीटरचा खडा टाकलात, तर नुसत्या हवेमुळे साडेतीन मीटर जास्त येतात. शिवाय खड्याचा आवाजही बारीक. चपटा दगड भिरभिरत जातो, मातीचं ढेकूळ हलकं असतं. लिंबापेक्षा थोडा मोठा, गोलसर, भरीव दगड घ्या आणि धुऊन घ्या, कारण पाणी कोणाच्या तरी पिण्यात असू शकतं.

दगड टाकायचा नाही, सोडायचा. मूठ खाली झटकत सोडलेल्या दगडाला सुरुवातीलाच सेकंदाला दोन मीटरचा वेग मिळाला, तर २५ मीटरला जवळजवळ ०.२ सेकंद कमी लागतात. हे मला विशेष घातक वाटतं, कारण हा झटका आणि बोटाचा उशीर एकमेकांना झाकतात. उत्तर योगायोगाने बरोबर येतं, आपला विश्वास बसतो आणि पुढच्या विहिरीवर तोच माणूस तोंडघशी पडतो. हात स्थिर धरा, तळवा खाली ठेवा आणि बोटं एकदम उघडा. आणि कठडा नसेल तर वाकून मोजण्याचा मोह टाळा.

आवाज कोणता धरायचा?

पहिला. दगड पाण्याला लागतो तेव्हा आधी ‘चट’ असा कोरडा आवाज होतो आणि पाण्यात झालेली पोकळी मिटताना काही शतांश सेकंदांनी ‘डुबुक’ येतो. कानाला दुसरा आवाज जास्त भरतो, पण मोजणीसाठी पहिला हवा. आलेखात दोन्ही वेगळे दिसतात. त्यानंतर येतात ते भिंतींवरून परतलेले प्रतिध्वनी, ते सोडून द्या. पाण्याच्या आवाजाआधी ‘टक’ किंवा धातूचा खणखणाट ऐकू आला, तर दगड भिंतीला किंवा पंपाच्या पाइपला घासून गेला आहे. ती मोजणी रद्द. तिला सरासरीत घेऊ नका.

आलेला आकडा कशाची खोली सांगतो?

हातापासून पाण्यापर्यंतचं अंतर, एवढंच. हात जमिनीपासून १.३ मीटर उंच होता, तर आपल्या उदाहरणात जमिनीपासून पाणी २३.६ मीटरवर आहे. विहीर किती खोल आहे हे यातून कळत नाही, कारण पाण्याखाली तळ कुठे आहे हे दगड सांगत नाही. त्यासाठी वजन बांधलेला दोरच सोडावा लागतो. आणि उत्तर लिहिताना ‘२३.६’ असं न लिहिता ‘सुमारे २४, एखादा मीटर कमी-जास्त’ असं लिहा. सगळ्या दुरुस्त्या करूनही ०.०५ सेकंदाची चूक सहज उरते, आणि ती इथे एक मीटरची असते.

पाणी पाच मीटरवर असेल, तर ही पद्धत वापरूच नका. पडायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि बोटाचा उशीर त्यात मिसळला की पाचाचे सात मीटर होतात. तिथे दोर किंवा टेप पटकन आणि खात्रीने काम करतात. बोअरवेलमध्ये तर दगड टाकायचाच नाही. अरुंद नळीत तो सरळ पडत नाही, भिंतीवर आपटत जातो, आणि आत पंप असेल तर पंप आणि केसिंगच्या फटीत अडकून बसतो. मग पंप वर काढणं मुश्कील होतं.