काटा निघाला, पण गाठी उठत राहिल्या: स्पोरोट्रायकोसिसमध्ये या चुका टाळा

डिसेंबरात मोसंबीच्या बागेत वाळक्या फांद्यांची सल काढताना जालन्याकडच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या तर्जनीत काटा गेला. त्यांनी तो सुईने काढला, वर हळद दाबली आणि कामाला लागले. तीन आठवड्यांनी त्याच जागी हरभऱ्याएवढी गाठ आली, मग ती फुटून पाझरू लागली. फेब्रुवारीअखेर ते माझ्या दवाखान्यात आले तेव्हा बोटावर खपली धरलेली जखम होती आणि मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत चार गाठी एका ओळीत होत्या. हात फिरवला की त्वचेखाली सुतळीसारखी शीर लागायची आणि तिच्यावर त्या गाठी.

"दुखत नाही डॉक्टर, पण जात बी नाही," ते म्हणाले. "दोन डॉक्टर झाले, गोळ्यांचे दोन कोर्स झाले."

निदानाची निम्मी वाट त्यांच्या या बोलण्यातच होती. दुखत नाही, जात नाही, आणि गोळ्यांना दाद देत नाही.

पहिली चूक: प्रत्येक काट्याची जखम "पू झाला" म्हणून सोडून देणे

काटा टोचल्यावर होणारा नेहमीचा जंतुसंसर्ग घाईचा असतो. दोन-चार दिवसांत जागा लाल, गरम आणि ठणकणारी होते, पू धरते, कधी ताप येतो. हातावर लाल पट्टा चढला तर तो काही तासांत वाढतो आणि बगलेत गाठ येते. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. योग्य अँटिबायोटिक सुरू झाले की दोन-तीन दिवसांत ठणका आणि सूज उतरायला लागते.

स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजार आहे आणि त्याची चाल संथ असते. स्पोरोथ्रिक्स नावाची ही बुरशी माती, कडबा, कुजके लाकूड आणि काट्यांवर राहते. काट्याबरोबर ती त्वचेखाली जाते आणि पहिली गाठ यायला साधारण एक ते बारा आठवडे लागतात. म्हणून रुग्णाला काटा आठवतच नाही. मी "काटा टोचला होता का?" एवढेच विचारत नाही. "तीन महिन्यांत बाभळीचे कुंपण घातले का, बोरी तोडल्या का, डाळिंबाची छाटणी केली का?" असे विचारतो. मग आठवते.

गाठ सहसा गरम नसते, फार दुखत नाही, ताप येत नाही. ती फुटते, थोडी पाझरते, आणि काही आठवड्यांनी तिच्या वर दुसरी, मग तिसरी गाठ येते, कारण बुरशी लसिकावाहिन्यांच्या वाटेने वर सरकते. सगळ्यांनाच अशी रांग येते असे नाही. काहींना टोचलेल्या जागी एकच खरखरीत चट्टा किंवा व्रण राहतो, आणि तो ओळखणे जास्त अवघड.

यात एक फसवी गोष्ट घडते. फुटलेल्या गाठीवर साधे जंतूही बसतात. अँटिबायोटिकने ते मरतात, लालसरपणा उतरतो, आणि "फरक पडतोय" म्हणून तोच कोर्स पुन्हा दिला जातो. या शेतकऱ्याचे तसेच झाले. लाली गेली, गाठ मात्र तशीच राहिली. दहा-पंधरा दिवस अँटिबायोटिक घेऊनही गाठ हलत नसेल तर तिसरा कोर्स नको, तपासणी हवी. स्टेरॉईडचे मलम किंवा इंजेक्शन तर मुळीच नको.

दुसरी चूक: सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकणे

गाठीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. माणसाच्या शरीरात ही बुरशी इतकी विरळ असते की सूक्ष्मदर्शकाखाली ती बहुधा दिसतच नाही. त्यामुळे "स्लाइडवर बुरशी नाही" या रिपोर्टने आजार नाही असे ठरत नाही. खात्री कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी उगवून पाहिल्याने होते. त्यासाठी तुकड्याचा एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवावा लागतो, कारण तुकडा टिकवायच्या फॉर्मॅलिन द्रावात बुरशी मरते आणि मग काहीच उगवत नाही. आमच्या रुग्णाचे कल्चर नवव्या दिवशी उगवले. कधी जास्त वेळ लागतो, म्हणून प्रयोगशाळेने चार आठवडे थांबायला हवे.

बायोप्सीच्या रिपोर्टवर "ग्रॅन्युलोमा", म्हणजे जुनाट दाहाने जमलेला पेशींचा पुंजका, असे लिहून येते तेव्हा आपल्याकडे चटकन टीबीचा संशय येतो. तो घ्यायलाच हवा. टीबीच्या जंतूचे काही जातभाई आणि नोकार्डिया नावाचे जंतू हेही अशीच गाठींची रांग करतात. पण कल्चर न करता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर महिने वाया जातात. शिवाय त्यातली रिफॅम्पिसिन ही गोळी या बुरशीवरच्या इट्राकोनॅझोल या औषधाचा असर जवळपास मारून टाकते.

तिसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागडी: गोळी घेणे, पण पोटात न मुरणे

आम्ही इट्राकोनॅझोल रोज 200 मिलीग्रॅम सुरू केले. पाच आठवडे झाले तरी गाठी तशाच. डोस वाढवण्याआधी मी विचारले, "मामा, कॅप्सूल नेमकी कधी घेता?"

"सकाळी चहाबरोबर. त्याआधी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी."

घोटाळा इथेच होता. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटातले आम्ल आणि भरपेट जेवण लागते. त्यांची ॲसिडिटीची गोळी, पँटोप्राझोल, ते आम्लच कमी करते, आणि नुसत्या चहाने जेवणाचे काम होत नाही. ॲसिडिटीची गोळी बंद केली, कॅप्सूल दुपारच्या भाकरी-कालवणानंतर लगेच घ्यायला सांगितली. डोस तोच ठेवला. महिनाभरात सर्वांत वरची गाठ बसू लागली.

अँटासिड घ्यावेच लागले तर कॅप्सूलनंतर किमान दोन तासांनी घ्यावे. ब्रँड मधेच बदलला तर डॉक्टरांना सांगावे, कारण कॅप्सूलमधल्या दाण्यांचा दर्जा सारखा नसतो. इतर सगळ्या गोळ्याही दाखवाव्यात. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन यासोबत चालत नाही, फिटच्या काही गोळ्या याचा असर कमी करतात. हृदय कमजोर असलेल्यांनी हे औषध टाळावे, आणि गर्भवतींनाही ते देत नाहीत. सुरू करण्याआधी आणि मधूनमधून यकृताची रक्ततपासणी करावी. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, पाय सुजले किंवा दम लागला तर गोळी थांबवून लगेच दाखवावे.

महिनोन्‌महिने हे औषध परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबांचा जुना, स्वस्त उपचार आजही वापरला जातो. मात्र थेंब हळूहळू वाढवायचे असतात आणि थायरॉईडकडे लक्ष ठेवावे लागते, म्हणून तो स्वतःच्या मनाने घेऊ नये.

चौथी चूक: खपली पडली की थांबणे

तिसऱ्या महिन्यात मामांची जखम भरली. "आता बंद करू का?" कोपराखाली बोट फिरवले तर मुगाएवढी गाठ अजून लागत होती. एकूण उपचार साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो, पण कॅलेंडर पाहून तो संपवत नाहीत. शेवटची गाठ गेल्यावरही दोन ते चार आठवडे औषध चालू ठेवायचे. गाठ पूर्ण गेली की राहतो तो सपाट, काळपट डाग. डाग औषधाने जात नाही आणि त्यासाठी औषध लांबवूही नये. डाग आणि गाठ यांतला फरक डोळ्यांपेक्षा बोटाला कळतो, म्हणून दर महिन्याला रुग्णाचा हात मी स्वतः चाचपून पाहतो.

मामांचे औषध ऑगस्टअखेर थांबले. पुढच्या डिसेंबरात सल काढताना त्यांनी कातडी हातमोजे घातले होते, आणि हाताला नवी गाठ नव्हती.