मंजुरीआधी दोन कागद वेगळे ठेवा

प्रकल्प ‘होईल का’ आणि ‘करावा का’ हे दोन प्रश्न एकाच अहवालात मिसळले, की मंजुरीची चर्चा भरकटते. सोसायटीच्या गच्चीवर २० किलोवॉटचे सौर पॅनेल बसवायचे असल्यास असे करावे.

१. आधी ‘होईल का’ याचे उत्तर देणारा व्यवहार्यता अहवाल घ्यावा. सुमारे २,००० चौरस फूट सावलीविरहित जागा आहे का, स्लॅब भार पेलेल का, मंजूर वीजभार पुरेसा आहे का आणि नेट मीटरिंग, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करण्याची सोय, मिळेल का, याची उत्तरे त्यात अटींसह असावीत.

२. मग ‘करावा का’ याचे उत्तर देणारी बिझनेस केस लिहावी. तिच्यात ‘काहीच न करणे’ धरून सर्व पर्यायांची तुलना, खर्च, लाभ, जोखीम आणि जबाबदार व्यक्ती हवी. समजा, खर्च १० लाख, वार्षिक निर्मिती २८,००० युनिट आणि दर १० रुपये आहे; देखभालीचे २०,००० वजा जाता वर्षाला २.६ लाख वाचतात आणि पैसे सुमारे चार वर्षांत वसूल होतात.

निर्मितीचा आकडा मात्र पहिल्या अहवालातूनच घ्यावा, विक्रेत्याच्या पत्रकातून नव्हे. शेजारच्या इमारतीची सावली पत्रकात बहुधा धरलेली नसते.