जुनं क्रेडिट कार्ड बंद करताय? वयाची काळजी नंतर, आधी लिमिटचा हिशेब करा

कपाटातलं कार्ड दोन-तीन वर्षं बाहेर पडलेलं नसतं. बँक मात्र दरवर्षी फी लावते. ते बंद करायचं म्हटलं की ओळखीतला कुणीतरी हमखास सांगतो, "अरे, जुनं कार्ड बंद करू नकोस, बारा वर्षांची हिस्ट्री पुसली जाईल." हा सल्ला निम्मा बरोबर आहे. क्रेडिट स्कोअर खाली येऊ शकतो हे खरं, पण तो बहुतेक वेळा हिस्ट्री पुसली गेल्यामुळे येत नाही. कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो. मग लोक नको असलेलं कार्ड भीतीपोटी वर्षानुवर्षं सांभाळतात, किंवा ते बंद करून भलत्याच गोष्टीची चिंता करत बसतात.

पहिली चूक: कार्ड बंद झालं की त्याचं वय त्याच दिवशी संपतं असं समजणं

खातं बंद झालं तरी त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमधून लगेच जात नाही. उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि महिन्यामागून महिने बिल वेळेवर भरल्याचा इतिहास तिथे राहतो. स्कोअर काढण्याच्या, जगात सर्वाधिक ओळखीच्या 'फायको' या अमेरिकी पद्धतीत असं बंद खातं रिपोर्टवर असेपर्यंत वयाच्या हिशेबात धरलं जातं. अमेरिकेत नीट चाललेलं बंद खातं साधारण १० वर्षं रिपोर्टवर राहतं.

आकडे घालून बघू. समजा तुमच्याकडे तीन कार्डं आहेत, १२ वर्षांचं, ४ वर्षांचं आणि २ वर्षांचं. सरासरी वय ६ वर्षं. आज सर्वांत जुनं बंद केलंत तरी उद्याची सरासरी ६ च राहते. वर्षभराने ती ७ होते, कारण बंद खात्याचं वयही पुढे सरकत असतं. खरा फरक पडतो तो नोंद गळून पडेल तेव्हा, म्हणजे दहा वर्षांनी. त्या वेळी उरलेली दोन कार्डं १४ आणि १२ वर्षांची झालेली असतील. सरासरी १६ वरून १३ वर येईल. घट आहे, पण १३ वर्षांच्या सरासरीला कुणी कच्ची म्हणणार नाही.

आता याच तीन कार्डांत एक नवं कोरं कार्ड घाला. सरासरी ६ वरून थेट साडेचारवर येते, आणि तीही लगेच. शिवाय नव्या अर्जामुळे रिपोर्टवर एक चौकशी नोंदवली जाते. जुनं बंद करून त्याच आठवड्यात नवं घेणारे बरेच असतात. स्कोअर उतरला की दोष मात्र जुनं बंद करण्याला देतात. सरासरीला धक्का दिलेला असतो तो नव्या कार्डाने.

एक अपवाद लक्षात ठेवावा. सगळ्या पद्धती एकसारख्या नाहीत. काही पद्धतींत बंद खात्याला वयाच्या हिशेबात कमी जागा मिळते, किंवा मिळतही नाही. म्हणून "वयाला काहीच होत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावरही फार विसंबू नये.

वयाला मुळात किंमत का, हेही इथेच सांगतो. बारा वर्षांचं खातं म्हणजे १४४ बिलं. त्या काळात नोकरी बदललेली असते, घरात आजारपण येऊन गेलेलं असतं, हात आखडलेले महिनेही असतात, आणि तरीही बिलं भरली गेलेली असतात. आठ महिन्यांच्या खात्याने अजून एकही वाईट वर्ष पाहिलेलं नसतं. कर्ज देणाऱ्याला हा पुरावा हवा असतो. तरीही फायकोमध्ये इतिहासाच्या लांबीचा वाटा सुमारे १५ टक्केच आहे. बिल वेळेवर भरण्याचा ३५ आणि देणं किती आहे याचा ३० टक्के. या ३० टक्क्यांतच पुढची चूक दडलेली आहे.

दुसरी चूक: लिमिटचा हिशेब न करता कार्ड बंद करणं

बंद कार्डाचं वय टिकतं, पण त्याचं लिमिट त्याच दिवशी जातं. एकूण लिमिटपैकी किती टक्के रक्कम तुमच्या नावावर देणं दिसते, याला वापराचं प्रमाण म्हणतात. कार्ड बंद झाल्यावर स्कोअर उतरतो त्याचं नेहमीचं कारण हे प्रमाण.

तीच तीन कार्डं घ्या. जुन्याचं लिमिट २ लाख, दुसऱ्याचं १ लाख, तिसऱ्याचं ५० हजार. एकूण साडेतीन लाख. जुनं पडून आहे, बाकी दोन्हींवर मिळून महिन्याला ७० हजारांचं बिल येतं. वापर २० टक्के. जुनं बंद केलंत की लिमिट उरतं दीड लाख, आणि तेच ७० हजार आता जवळपास ४७ टक्के होतात. खर्च एक पैशानेही वाढलेला नाही, पण रिपोर्ट वाचणाऱ्याला तुम्ही अचानक ओढाताणीत आल्यासारखे दिसता.

"पण मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो!" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. रिपोर्टला बहुधा जाते ती स्टेटमेंटच्या तारखेची रक्कम. तुम्ही पैसे भरता त्यानंतर, देय तारखेपर्यंत. म्हणजे व्याजाचा एक रुपया न देणाऱ्याचंही प्रमाण ४७ टक्के दिसू शकतं.

ही घट ओळखणं सोपं आहे. ती कार्ड बंद झाल्यावर पुढच्या एक-दोन नोंदींतच येते, आणि रिपोर्टमध्ये शिल्लक तेवढीच असून एकूण लिमिट कमी झालेलं दिसतं. उपायही सोपा आहे. स्टेटमेंट निघण्याच्या तीन-चार दिवस आधी बिलातला मोठा भाग भरून टाका. आपल्या उदाहरणात ४० हजार आधी भरले तर स्टेटमेंटवर ३० हजार येतील आणि प्रमाण २० टक्क्यांवर परत येईल. बऱ्याच प्रचलित पद्धती ताजी नोंदच बघतात, मागच्या महिन्याचे ४७ टक्के धरून ठेवत नाहीत. काही नव्या पद्धती मात्र दोन वर्षांपर्यंतचा कल बघतात.

त्याहून चांगलं म्हणजे बंद करण्याआधी दुसऱ्या कार्डाचं लिमिट वाढवून घेणं. दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर जुन्याचं लिमिट दुसऱ्यावर हलवता येतं का, हे विचारावं. आणि गृहकर्जासारखा मोठा अर्ज पुढच्या काही महिन्यांत करायचा असेल तर बंद करायचं काम त्यानंतर ठेवावं. अर्जाआधी "साफसफाई" म्हणून कार्डं बंद करणारे नेमक्या चुकीच्या महिन्यात स्वतःचं प्रमाण वाढवून घेतात.

तिसरी चूक: एकुलतं एक कार्ड बंद करणं

दुसरं कार्ड नाही, कर्ज फिटलेलं आहे, आणि असलेलं एकमेव कार्डही बंद केलं. अशा वेळी प्रश्न स्कोअर उतरण्याचा राहत नाही, तो निघेल की नाही हाच होतो. फायकोला स्कोअर काढण्यासाठी किमान सहा महिने जुनं एक खातं लागतं, आणि गेल्या सहा महिन्यांत कुठल्या तरी खात्याची नोंद आलेली असावी लागते. बंद कार्डाची ताजी नोंद येत नाही. मग जुना इतिहास रिपोर्टवर असूनही आकडा निघत नाही. असं कार्ड ठेवावं आणि त्यावर एखादं छोटं नियमित बिल लावून द्यावं.

चौथी चूक: "स्कोअरसाठी राहू दे" म्हणून कार्ड विसरून जाणं

इथे मी स्वतः पाय घसरून पडलोय. एक कार्ड स्कोअरसाठी ठेवलं आणि कपाटात टाकलं. दरम्यान मोबाइल नंबर बदलला, बँकेत जुनाच राहिला. वार्षिक फी लागली, तिचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं, त्यावर दंड चढला, दंडावर व्याज. मला कळलं ते रिपोर्ट काढला तेव्हा, थकलेल्या दिवसांचा आकडा समोर आला म्हणून. सरासरी वय वाचवायला गेलो आणि सगळ्यात जड असलेला ३५ टक्क्यांचा भाग खराब करून बसलो. कार्ड सरळ बंद केलं असतं तर याच्या पासंगालाही पुरेल एवढं नुकसान झालं नसतं.

कार्ड ठेवायचं असेल तर ते जिवंत ठेवावं लागतं. दोन-तीन महिन्यांतून एक लहान खरेदी, पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट, आणि चालू नंबर व ईमेल. फी खुपत असेल तर त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड बदलून मागावं. तेव्हा एकच प्रश्न स्पष्ट विचारावा, खातं तेच राहणार की नवं उघडणार? तेच राहिलं तर उघडल्याची तारीखही तीच राहते.

भारतात आणखी एक बाब आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड वर्षाहून जास्त काळ वापरलं नाही तर बँक तुम्हाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर थकबाकी नसल्यास बंदही करते. म्हणजे नुसतं कपाटात ठेवून कार्ड टिकेल याचीही खात्री नाही.

बंद करायचंच ठरलं तर

फी डोईजड असेल, किंवा कार्ड हाताशी असलं की खर्च आवरत नसेल, तर बंद करणंच योग्य. आधी त्या कार्डावर लावलेली सगळी आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा आणि रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. मग बाकी शून्य करा. बिल अर्धवट भरत आला असाल तर शेवटचं स्टेटमेंट आणि भरणा यांमधल्या दिवसांचं व्याज मागाहून लागतं, म्हणून आजची पूर्ण देय रक्कम बँकेकडून विचारून घ्या. अर्ज लेखी करा आणि बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा. कार्ड कात्रीने कापणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे.

भारतात थकबाकी नसेल तर अर्जानंतर कामाच्या ७ दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडे ही माहिती ३० दिवसांत पोहोचवायची असते. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो दोनेक महिन्यांनी काढा. खात्यापुढे 'क्लोज्ड' आणि शिल्लक शून्य हवी. थकबाकीवरून वाद होऊन कमी रकमेत तडजोड केली असेल तर तिथे 'सेटल्ड' येतं, आणि ते वाचणाऱ्याला कळतं की पूर्ण पैसे भरलेले नाहीत. पैसे पूर्ण भरूनही 'सेटल्ड' दिसलं तर बँकेचं पत्र जोडून रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार नोंदवा. दुसऱ्या कंपनीचा रिपोर्टही त्याच वेळी बघून घ्या, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते.