मोटार भरणाऱ्याने उस्तादाला काय विचारावं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची गुंडाळी नव्याने भरून देत असाल, तर उस्ताद आपल्याच बाजारपेठेत शोधू नका. तिथे तुम्ही त्याचं गिऱ्हाईक तोडणार, तो कशाला सांगेल? शिरपूर किंवा चोपड्याकडचा जुना कारागीर गाठा. तोही पावसाळ्यात. उन्हाळ्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते.

‘आप्पा, धंदा कसा वाढवू?’ असं विचारलंत तर चहा मिळेल, उत्तर नाही. महिनाभराची वही न्या: कोणती मोटार, तार किती लागली, तास किती गेले, हातात काय उरलं. मग विचारा, ‘यातलं कोणतं काम तुम्ही घेतलंच नसतं? आणि माझी भरलेली मोटार परत का जळते?’

दुसऱ्या प्रश्नात पैसा आहे. समजा, एकाच शेतकऱ्याची मोटार हंगामात दोनदा आली. जाणता कारागीर आधी जळालेली गुंडाळी बघतो. एक-दोन फेजच काळे आणि बाकी साबूत असेल, तर बहुधा सप्लायचा एक फेज गेलेला असतो. तिन्ही सारखे काळे असतील तर कमी व्होल्टेज किंवा जास्त लोडचा संशय. म्हणजे दुखणं बऱ्याचदा तुमच्या भरण्यात नसतं, आणि त्यावरचा इलाज स्टार्टर पेटीत असतो. प्रिव्हेंटर बसवणं, मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर बघून रिले लावणं, या कामाची मजुरी वेगळी घेता येते. भरण्याचा दर गावात सगळ्यांना पाठ असतो, त्यात घासाघीस होणारच.

मात्र ‘तुम्ही किती घेता?’ हे पहिल्या भेटीत नको.