घसरणाऱ्या शिडीचे तात्कालिक भ्रमणकेंद्र: या चुका टाळा

भिंतीला टेकलेली शिडी घसरत असताना तिच्या एका टोकाचा वेग दिलेला असतो आणि दुसऱ्या टोकाचा काढायचा असतो. गणित तीन-चार ओळींचे आहे, तरीही उत्तर अनेकदा चुकते आणि बहुतेक वेळा ती चूक आकडेमोडीत नसून आकृतीत असते. म्हणून एकच उदाहरण घेऊन त्यात नेमके कुठे पाऊल घसरते ते पाहू.

शिडी AB ची लांबी ५ मीटर आहे. वरचे टोक A उभ्या भिंतीवर, जमिनीपासून ४ मीटर उंचीवर आहे. खालचे टोक B आडव्या जमिनीवर, भिंतीपासून ३ मीटर अंतरावर आहे आणि ते २ मी/से वेगाने भिंतीपासून दूर सरकत आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्याला O म्हणू. भिंत डावीकडे आहे असे धरू.

A भिंतीला धरूनच सरकते, म्हणून त्याचा वेग उभा आहे. त्या वेगाला A मधून काढलेला लंब आडवा येतो. B चा वेग आडवा आहे, म्हणून B मधून काढलेला लंब उभा येतो. हे दोन लंब जिथे छेदतात तो बिंदू I हे त्या क्षणीचे भ्रमणकेंद्र होय, म्हणजे त्या क्षणी शिडी ज्या बिंदूभोवती फिरत आहे तो बिंदू. ते शिडीवर नाही, भिंतीवर नाही आणि जमिनीवरही नाही. भिंतीपासून ३ मीटर आणि जमिनीपासून ४ मीटर अंतरावर, मोकळ्या हवेत आहे. OAIB हा आयत झाला, त्यामुळे IA = ३ मी आणि IB = ४ मी. शिडीच्या फिरण्याचा कोनीय वेग ω आणि टोकांचे वेग v_A व v_B धरले, तर:

ω = v_B / IB = २ / ४ = ०.५ रेडियन/से
v_A = ω × IA = ०.५ × ३ = १.५ मी/से, खालच्या दिशेने

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे वेगांना लंब काढण्याऐवजी वेगांच्या रेषाच वाढवणे. भिंतीची रेषा आणि जमिनीची रेषा O मध्ये मिळतात, कोपरा तयारच समोर असतो आणि तोच केंद्र असावा असे वाटून जाते. मग OB = ३ घेऊन ω = २/३ येतो आणि OA = ४ ने गुणल्यावर v_A = २.६७ मी/से मिळतो. पण O हे केंद्र असते, तर A चा वेग OA ला लंब, म्हणजे आडवा असायला हवा होता आणि शिडीचे टोक भिंतीत घुसले असते. वेगाची दिशा आणि केंद्रापासून त्या बिंदूपर्यंतची रेषा यांत काटकोन आहे की नाही, एवढे पाहिले तरी ही चूक तिथल्या तिथे पकडता येते.

दुसरी चूक करणारा I अगदी योग्य जागी काढतो, पण पुढे अंतरांची अदलाबदल करतो. A चार मीटर उंचीवर आहे, म्हणून IA = ४ असे तो लिहून टाकतो. गंमत अशी की या चुकीचे उत्तरही २.६७ च येते, कारण आयताच्या समोरासमोरील बाजू समान असल्यामुळे I पासूनची अंतरे उलटी घेणे आणि O पासूनची अंतरे घेणे आकड्यांच्या दृष्टीने एकच आहे. म्हणून उत्तर २.६७ आल्यास I ची जागा आणि अंतरे दोन्ही पुन्हा तपासावीत. शिडीचा कोन भिंतीशी मोजून सूत्र मात्र जमिनीशी मोजलेल्या कोनाचे वापरल्यासही हाच आकडा हाती येतो. माझ्या मते अशा प्रश्नात कोन आणूच नये. IA आणि IB थेट आकृतीवरून वाचावेत.

उत्तर पडताळण्याची एक खात्रीची रीत आहे. शिडी ताणली जात नाही आणि आखडतही नाही, म्हणून दोन्ही टोकांच्या वेगांचे शिडीच्या दिशेतील घटक समान असलेच पाहिजेत. B साठी तो घटक २ × ३/५ = १.२ मी/से आणि A साठी १.५ × ४/५ = १.२ मी/से, दोन्ही जुळतात. २.६७ घेऊन पाहिले तर A कडील घटक २.१३ येतो, म्हणजे शिडी दर सेकंदाला जवळपास एक मीटर या दराने आखूड होत आहे असा अर्थ निघतो.

फिरण्याच्या दिशेबाबतही घोळ होतो. I च्या डावीकडे असलेले A खाली जाते आणि I च्या खाली असलेले B उजवीकडे जाते, म्हणून आपल्या आकृतीत शिडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. तिचा मध्यबिंदू I पासून २.५ मीटरवर आहे, त्यामुळे त्याचा वेग १.२५ मी/से आहे. पण तो शिडीच्या दिशेने नाही. नेमका शिडीच्या दिशेने सरकणारा बिंदू एकच, I मधून शिडीवर टाकलेल्या लंबाचा पाय. त्याचे I पासूनचे अंतर ३ × ४ / ५ = २.४ मीटर आणि वेग १.२ मी/से, जो पडताळणीत मिळालेलाच घटक आहे. शिडीवरचा सर्वांत संथ बिंदू तोच. म्हणजे त्या क्षणी शिडीचा कोणताही भाग स्थिर नाही.

यापुढच्या चुका 'तात्कालिक' हा शब्द विसरल्यामुळे होतात. B चा वेग २ मी/से इतकाच ठेवून तो ४.८ मीटरवर पोहोचला, तर A ची उंची १.४ मीटर उरते. आता IB = १.४, म्हणून ω सुमारे १.४३ आणि v_A सुमारे ६.८६ मी/से होतो. आधीचा ०.५ हा आकडा इथे वापरून चालत नाही. प्रत्येक स्थितीसाठी I नव्याने काढावे लागते.

त्याहून फसवी चूक प्रवेगाची आहे. I चा वेग त्या क्षणी शून्य असतो, प्रवेग मात्र शून्य नसतो, म्हणून त्याला खिळलेला आस समजून ω²r लावता येत नाही. तसे केल्यास सुरुवातीच्या स्थितीत B ला ०.२५ × ४ = १ मी/से² एवढा वरच्या दिशेचा प्रवेग मिळतो आणि B तर जमिनीवरून एकसमान वेगाने सरकत आहे, त्याचा प्रवेग शून्य आहे! A चा प्रवेग हवा असेल तर B चे भिंतीपासूनचे अंतर x आणि A ची उंची y धरून x² + y² = २५ या समीकरणाचे दोनदा अवकलन करावे; B चा वेग स्थिर असताना तो (२² + १.५²) / ४, म्हणजे सुमारे १.५६ मी/से², खालच्या दिशेने येतो.

शेवटी, ही सगळी रचना A भिंतीला टेकलेले असेपर्यंतच खरी आहे. B चा वेग कायम २ मी/से धरून y शून्याकडे नेला तर v_A अनंताकडे जातो, आणि ते प्रत्यक्षात शक्य नाही. घर्षणविरहित भिंत व जमीन यांच्यामध्ये स्थिर अवस्थेतून सोडलेली एकसमान शिडी तर A ची उंची मूळ उंचीच्या दोन तृतीयांश होताच भिंत सोडते. त्यानंतर A चा वेग उभा राहत नाही आणि A मधून काढलेली आडवी रेषा I मधून जात नाही. B मधील उभी रेषा मात्र तेव्हाही उपयोगी पडते, आणि भिंतीचा दाब संपल्यामुळे शिडीच्या मध्यबिंदूच्या वेगाचा आडवा घटक तिथून पुढे स्थिर राहतो. पुढचे गणित त्या दोन गोष्टींवरून आणि ऊर्जेच्या समीकरणावरून मांडावे लागते.