कोलॅबचा मेसेज: प्रस्ताव नको, आखलेली सहल पाठवा

‘एकत्र व्हिडिओ करूया का?’ एवढ्याच मेसेजला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण पुढचा सगळा विचार समोरच्यावर पडतो. आपल्याएवढ्याच मोठ्या ट्रॅव्हल चॅनेलला लिहिताना आखलेली सहल आणि कामाची वाटणी एकत्रच पाठवा.

१. सुरुवात त्यांच्या एका ठरावीक व्हिडिओने करा. ‘तुमचं काम आवडतं’ हे कुणालाही लिहिता येतं.

२. मग नेमका बेत. समजा, आम्ही पुण्याचे, ते साताऱ्याचे:

‘नमस्कार, तुमच्या किल्ल्याच्या व्हिडिओत पार्किंगपासून पायवाट दाखवलीत, ते फार उपयोगी पडलं. वाई-मेणवलीचा वीकेंड एकत्र करूया का? शनिवारी वाईचा ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट, तो व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर. रविवारी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि धोम, तो आमच्याकडे. दोघांचं फुटेज दोघांनीही वापरायचं, खर्च आपापला. १२ किंवा १९ तारीख जमेल का?’

दोन तारखा दिल्या की उत्तर एका ओळीत देता येतं. दोन वेगळे व्हिडिओ ठेवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एकच केला तर तो कुणाच्या चॅनेलवर, यावरच गाडी अडते.

३. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करून द्या.

एक काळजी: एखादं रिसॉर्ट फुकट राहायला देत असेल तर ते याच मेसेजमध्ये सांगा. तिथलं फुटेज वापरणार असाल तर दोन्ही व्हिडिओंत तसं जाहीर करावं लागेल, आणि ते समोरच्या चॅनेलला मान्य नसू शकतं.